स्क्रीनवर डी-सात, लेबलवर डी-दोन

सहा ऑक्टोबर, सोमवार. रक्कम एक लाख शहाऐंशी हजार चारशे रुपये. हजर तिघे: आमचे प्लँट हेड, लेबर ठेकेदार आणि मी. ज्याच्या पगारातून ही रक्कम हप्त्याहप्त्यानं कापायचं चाललं होतं, तो हजर नव्हता. त्याला शनिवारी सकाळीच गेटवरून परत पाठवलं होतं.

मी चाकणच्या एका कारखान्यात आहे. पत्रा दाबून गाड्यांचे ब्रॅकेट बनवायचे आणि मोठ्या कंपनीला पुरवायचे, हा आमचा धंदा. माझ्याकडे बिलिंग आहे आणि कॉम्प्युटरही आहेत. वीस वर्षांपूर्वी या कामाला ईडीपी म्हणत, जुने लोक अजूनही मला ‘ईडीपीवाले’ म्हणूनच हाक मारतात. दोन्ही कामांत एकच सवय लागते. आकडा कुठून आला ते सांगता आलं पाहिजे.

तर त्या रकमेची फोड अशी. ग्राहक कंपनीची असेंब्ली लाइन थांबली त्याचे एक लाख सत्तर हजार. चुकीच्या शेडमध्ये गेलेला माल निवडून बाजूला काढायचे अकरा हजार सहाशे. आमच्या गाड्या तिथे अडकून पडल्या त्याचे चार हजार आठशे. बेरीज बरोबर होती, मी दोनदा केली. बेरीज बरोबर असल्यामुळेच मला जास्त अस्वस्थ वाटत होतं, कारण माझ्यापुढे सहीला ठेवलेल्या कागदावर रकमेखाली एका माणसाचं नाव होतं आणि ते कुठून आलं ते मला सांगता येत नव्हतं.

झालं होतं असं. ग्राहकाच्या कारखान्यात माल उतरवायच्या जागांना, म्हणजे डॉकना, नंबर आहेत. आमचा माल पूर्वी डी-दोनला उतरायचा. जूनमध्ये त्यांची नवी शेड सुरू झाली आणि आमचे ब्रॅकेट डी-सातला जायला लागले. प्रत्येक क्रेटवर आम्ही एक लेबल लावतो, त्यावर पार्ट नंबर, नग आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात डॉकचा नंबर. दसऱ्याच्या सुट्टीनंतर शुक्रवारी पहिल्या शिफ्टला गेलेल्या सगळ्या क्रेटवर डी-दोन छापलं गेलं. माल जुन्या शेडमध्ये जाऊन बसला आणि नव्या शेडमधली लाइन ब्रॅकेटची वाट बघत उभी राहिली.

लेबलं छापायचं काम डिस्पॅचच्या कॉम्प्युटरवर होतं. त्या खुर्चीवर पहिल्या शिफ्टला जो ऑपरेटर बसायचा, तो लातूरकडचा. ठेकेदाराकडून आलेला, सहा वर्षं आमच्याकडेच. नोव्हेंबरमध्ये आठ जणांना कायम करायचं होतं आणि त्या आठांत तो होता. मी स्वतः त्याची हजेरी काढून दिली होती.

“राव, साधी गोष्ट आहे,” प्लँट हेड म्हणाले. ते माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान, वेगानं बोलणारे. “स्क्रीनवर डी-सात, लेबलवर डी-दोन. शुक्रवारी त्यानं मला स्वतः दाखवलं. स्क्रीनवर बरोबर आकडा येतोय आणि कागदावर चुकीचा. मग मध्ये कोण आहे? मध्ये तो आहे.”

ठेकेदार इथलाच, जुन्या गावातला. जमीन एमआयडीसीत गेली, त्यातून गाड्या घेतल्या, मग माणसं पुरवायला लागला. तो म्हणाला, “आमी कशापायी भरायचं? मानूस आमचा, पर खुर्ची तुमची. मी त्याला बदलून दुसरा देतो. पैकं काय ते त्याच्याकडनं वळतं करून घ्या, माझं काय म्हननं न्हाई.”

“पण त्यानं काय केलं?” मी विचारलं.

“ते तुम्ही शोधा,” प्लँट हेड म्हणाले. “कॉम्प्युटर तुमचे आहेत ना? गुरुवारपर्यंत सही करून द्या, ग्राहकाला उत्तर पाठवायचंय.”

ऑपरेटरच्या विरुद्ध आणखी एक गोष्ट जात होती, आणि ती माझ्याच हातून झाली होती. शनिवारपासून लेबलं मी माझ्या केबिनमधून छापत होतो. नेटवर्कवरून माझ्या नावानं त्याच डिस्पॅचच्या कॉम्प्युटरमध्ये शिरायचं, तीच कमांड द्यायची, तोच प्रिंटर. आणि सगळी लेबलं डी-सात येत होती. एकही चुकलं नव्हतं. प्लँट हेड मला प्रत्येक वेळी हाच मुद्दा सांगत, “तो घरी बसला आणि लेबलं सुधारली. अजून काय पुरावा पाहिजे?”



मीटिंग संपल्यावर मी डिस्पॅचला गेलो आणि त्याच्या खुर्चीवर बसलो. डिस्पॅचच्या नावानं लॉगिन केलं, कमांड टाइप करायची काळी खिडकी उघडली, कमांड दिली. स्क्रीनवर ओळ आली: डॉक डी-सात. प्रिंटर खरखरला. लेबल फाडून डोळ्यांजवळ धरलं. डी-दोन.

पुन्हा दिली. पुन्हा डी-दोन.

उठलो, शॉप फ्लोअर ओलांडून माझ्या केबिनमध्ये आलो, तिथून तीच कमांड दिली आणि परत चालत डिस्पॅचला गेलो. प्रिंटरच्या तोंडाशी लेबल लोंबत होतं. डी-सात. फोर्कलिफ्टवाला मला म्हणाला, “साहेब, पावलं मोजायला डॉक्टरनं सांगितलं का?”

म्हणजे ऑपरेटरनं हातानं चुकीचं छापलं नव्हतं, एवढं तरी नक्की. माझ्या हातूनही त्या खुर्चीवरून चूकच येत होती. मी हे प्लँट हेडना फोन करून सांगितलं. मला वाटलं होतं ते थोडे मऊ होतील.

“मग तर जास्त झालं,” ते म्हणाले. “म्हणजे सेटिंग बिघडवून ठेवलंय. पूजेच्या दिवशी त्या कॉम्प्युटरला शेवटचा हात कोणाचा होता? त्याचाच.”

हेही खरं होतं. खंडेनवमीला आमच्याकडे सगळी यंत्रं धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून पूजा होते. प्रेसला, वेल्डिंगच्या मशीनला, अगदी वजनकाट्यालासुद्धा कुंकू लागतं. डिस्पॅचच्या कॉम्प्युटरची पूजा त्यानंच केली होती. कीबोर्डच्या फटीत हळद अजून होती.

मंगळवारी मी दुसरं काम हातात घेतलं नाही. लेबलाचं काम दोन तुकड्यांत होतं. पहिला तुकडा म्हणजे एक छोटी स्क्रिप्ट, सहा-सात ओळींची फाइल. तिच्यात डॉकचा नंबर लिहिलेला आहे, DOCK=D7 असा. ती तो नंबर स्क्रीनवर दाखवते आणि मग दुसऱ्या प्रोग्रॅमला सुरू करते. तो दुसरा प्रोग्रॅम लेबल काढून प्रिंटरला पाठवतो. मी दोन्ही फाइली उघडून अक्षर अन् अक्षर वाचलं. दोन्हींत शेवटचा बदल जूनमधला. म्हणजे पूजेच्या दिवशी कुणी काही बदललं नव्हतं. दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये मात्र एक ओळ होती: डॉकचा नंबर मिळाला नाही तर डी-दोन धर. ती जुन्या शेडच्या काळातली.

डी-दोन कुठून येतं ते कळलं. पण नंबर का मिळत नव्हता? स्क्रिप्ट तर डोळ्यांदेखत डी-सात म्हणत होती. आणि माझ्या केबिनमधून बसलं की तोच प्रोग्रॅम, तीच फाइल, तोच नंबर व्यवस्थित पोचत होता. फाइल एकच असताना दोन उत्तरं येतातच कशी?

जूनमध्ये हा बदल करून गेलेल्या सॉफ्टवेअर कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावला. तो म्हणाला, “सर, आमच्याकडून ओके आहे. चार महिने चाललं ना? तुमच्या युजरकडून काहीतरी झालंय.” सगळ्यांची बोटं एकाच माणसाकडे जात होती आणि ती प्रत्येक वेळी थोडीथोडी बरोबरही वाटत होती. हेच मला सहन होत नव्हतं.

घरी जेवताना बायको म्हणाली, “पोळी खाताय की तपासताय?”

“एका माणसानं काय केलं ते मला सापडत नाही.”

“मग त्यालाच विचारा की. तुम्ही यंत्राला विचारताय दोन दिवस.”

खरंच, त्याला कुणी विचारलंच नव्हतं. शनिवारी गेटवर त्याला फक्त ‘बोलावल्याशिवाय येऊ नको’ एवढंच सांगितलं होतं. मी ताट सारलं आणि निगडीच्या घरून बसनं काळेवाडीला गेलो. तिथे एका शिवणकामाच्या दुकानावर तो दोन खोल्यांत भाड्यानं राहतो. मला बघून तो उभाच राहिला, बसेचना. त्याच्या बायकोनं न विचारता चहा टाकला, आणि कप ठेवताना म्हणाली, “साहेब, चोरी केली असती तर एक गोष्ट. ह्यांनी काय केले ते तरी सांगा आमाला.”

“तेच विचारायला आलोय,” मी म्हणालो. “खंडेनवमीला तू काय काय केलंस? सगळं सांग. छोटं वाटलं तरी सांग.”

“काय केलो साहेब… शिफ्ट संपली. कापड घेतलो, पुसलो. माउस पुसलो. कुंकू लावलो, माळ घातलो. पेढा ठेवलो. झालं.”

“कॉम्प्युटर चालू असतानाच?”

“न्हाई न्हाई. बंद केलो. पहिले मी बंद करायलो नव्हतो. स्क्रीनवर चिठ्ठी चिकटवलेली आहे बगा, काळी खिडकी बंद करायची नाही म्हणून. जूनपासून ती बंदच केलो नाही आमी कोणी. शिफ्ट बदलली तरी तीच खिडकी. मोठ्या साहेबांना विचारलो, ही बंद करायची का. ते राउंडला आलते. ते म्हणले, मशीन म्हणजे मशीन, सगळं बंद कर, पूजा चालू मशीनची करतात का. मग बंद केलो.” तो थांबला. “साहेब, खिडकी बंद केल्यानं आकडा बदलतो का?”

“ते बघावं लागेल,” मी म्हणालो. 

पण बसची वाट न बघता मी चालतच निघालो. चिठ्ठी मला माहीत होती, आमच्याकडे असल्या चिठ्ठ्या प्रत्येक मशीनवर असतात, त्या का लावल्या ते कुणी विचारत नाही. ती जूनमध्ये इंजिनिअर येऊन गेला तेव्हाची. खिडकी बंद करू नका असं त्यानं का सांगितलं असेल? फाइलीत लिहिलेलं तर खिडकी बंद केल्यानं पुसलं जात नाही. म्हणजे त्या खिडकीत असं काही होतं, जे फाइलीत नव्हतं. वाटेत मी दोनदा थांबलो आणि दोनदा पुन्हा निघालो. एका भाजीवाल्यानं “काय पाहिजे काका?” असं विचारलं तेव्हा कळलं की मी त्याच्या गाड्याकडे बघत उभा आहे.

बुधवारी कारखान्यात पोचल्यावर पहिलं काम एकच केलं. स्क्रिप्टमध्ये, दुसरा प्रोग्रॅम सुरू होण्याच्या आधी, एक ओळ वाढवली: आता ज्याला सुरू करणार आहेस त्याच्या हाती काय काय देणार आहेस त्याची यादी दाखव. त्यासाठी env नावाची कमांड आहे. ती स्वतःही एक प्रोग्रॅमच आहे, त्यामुळे दुसऱ्या प्रोग्रॅमला जे मिळतं तेच तिलाही मिळतं.

डिस्पॅचच्या खुर्चीवरून चालवली. पहिल्या ओळीत डॉक डी-सात. त्याखाली लांबलचक यादी: होम फोल्डर, युजरचं नाव, भाषा, काय काय. मी ती वरून खाली वाचली, मग खालून वर. DOCK नव्हतंच.

माझ्या केबिनमधून चालवली. त्या यादीत DOCK=D7 होतं.

 त्यानंतरचं पाऊण तासाचं काम. माझ्या नावानं लॉगिन केलं की आपोआप वाचली जाणारी एक फाइल असते. तिच्यात शेवटी एक ओळ होती, export DOCK=D2, जूनमध्ये इंजिनिअरनं घातलेली. डिस्पॅचच्या लॉगिनच्या तशाच फाइलीत ती ओळ नव्हती. तिथे त्यानं काय केलं असेल ते आता दिसत होतं: उघड्या खिडकीत तीच ओळ हातानं टाइप केली, लेबल काढून बघितलं, बरोबर आलं, आणि खिडकी बंद करू नका असं सांगून गेला. बहुतेक परत येऊन नीट करायचं त्याच्या मनात असावं. मी त्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, “सर, टेस्टिंगसाठी टाकलं होतं.”

दुपारी मी प्लँट हेड आणि ठेकेदार दोघांनाही डिस्पॅचला बोलावलं. केबिनमध्ये सांगून उपयोग नव्हता, खुर्चीवर दाखवायला हवं होतं.

“हे बघा,” मी म्हणालो. “या खिडकीत एक प्रोग्रॅम चालू आहे, त्याला शेल म्हणतात. मी त्याला सांगतो, DOCK म्हणजे D7.” टाइप केलं. “आता विचारतो, DOCK किती?” त्यानं D7 दाखवलं. “आता याच्या पोटातून दुसरा शेल सुरू करतो. हा पहिल्याचं पोर समजा.” bash टाइप केलं. “त्याला विचारतो, DOCK किती?”

रिकामी ओळ आली.

“बापाला माहीत आहे, पोराला नाही,” मी म्हणालो. “बापानं स्वतःपुरतं ठेवलं. आता पोर बंद करतो, बापाकडे परत येतो, आणि फक्त एक शब्द वाढवतो. एक्सपोर्ट. म्हणजे जो कोणी माझ्यापासून सुरू होईल त्याला हे द्या. आता नवीन पोर सुरू करतो. विचारतो.”

D7 आलं.

ठेकेदार पुढे वाकला. “म्हंजे सातबाऱ्यावर नाव लावल्याबिगार पोराला जिमीन न्हाई.”

“तसंच.”

“आन् पोरानं तितं बदललं तर?”

मी पोराच्या शेलमध्ये DOCK ला D9 केलं. विचारलं, D9 आलं. मग ते बंद करून बापाला विचारलं. D7 होतं.

“पोराला नक्कल मिळते,” मी म्हणालो. “त्यानं तिचं काही करावं, बापाचं तसंच राहतं.”

“आयला,” तो प्लँट हेडकडे बघून म्हणाला, “असा कायदा आमच्यात पायजे व्हता. आमच्या धाकल्यानं निम्मं इकून टाकलं आसतं तरी आमचं साबूत ऱ्हायलं आसतं.”

प्लँट हेड हसले नाहीत. “हे सगळं ठीक आहे. पण फाइलीत DOCK=D7 लिहिलेलंच होतं ना जूनपासून? एक्सपोर्ट नव्हतं तर चार महिने कसं चाललं?”

प्रश्न बरोबर होता. मीही सकाळी इथेच अडलो होतो.

“कारण वरून येताना नावावर शिक्का होता,” मी म्हणालो. “या खिडकीत एक्सपोर्ट केलेलं होतं. खिडकीनं स्क्रिप्ट सुरू केली, तेव्हा स्क्रिप्टला DOCK हे नाव शिक्क्यासकट मिळालं, फक्त जुन्या नंबराचं. स्क्रिप्टनं त्याचा नंबर बदलून D7 केला. शिक्का तसाच राहिला, म्हणून तो लेबलच्या प्रोग्रॅमपर्यंत गेला. खिडकी बंद झाली तेव्हा शिक्का गेला. नव्या खिडकीतून सुरू झालेल्या स्क्रिप्टला DOCK नावाचं काही वरून आलंच नाही. तिनं स्वतःचं केलं, स्वतःच्या तोंडानं स्क्रीनवर डी-सात सांगितलं, आणि पुढे दिलं नाही. पुढच्यानं मिळालं नाही म्हणून जुनं डी-दोन धरलं. माझ्या केबिनमधून बरोबर येत होतं, कारण माझ्या लॉगिनच्या फाइलीत शिक्का रोज नव्यानं बसतो.”

“सिद्ध करा.”

केलं. माझ्या लॉगिनच्या फाइलीतली ती ओळ काढली, लॉगआउट करून पुन्हा लॉगिन केलं, माझ्याच नावानं लेबल काढलं. डी-दोन. त्यांनी ते हातात घेऊन उजेडात धरलं. मग डिस्पॅचच्या खिडकीत ती ओळ टाइप केली. डी-सात. खिडकी बंद करून पुन्हा उघडली. डी-दोन.

ते लेबल बोटांनी गुंडाळत राहिले. मला पुढचं वाक्य बोलायचं होतं. माझी नोकरी अजून नऊ वर्षं आहे आणि घराचे हप्ते त्यातले सहा.

“खिडकी बंद करू का, असं त्यानं तुम्हाला विचारलं होतं,” मी म्हणालो. “खंडेनवमीला. राउंडला.”

“मला?”

“तुम्ही म्हणालात, मशीन म्हणजे मशीन.”

ठेकेदारानं नजर वजनकाट्याकडे वळवली. प्लँट हेडचा चेहरा लाल झाला. “मग काय पूजेला मशीन चालू ठेवायचं? म्हणजे आता माझी चूक?”

“नाही. मशीन बंदच करायला पाहिजे. बंद करून चालू केल्यावर जे बिघडतं, ते आधीपासून बिघडलेलं असतं, फक्त दिसत नसतं. लाइट गेली असती, यूपीएस बसला असता, तरी हेच झालं असतं. तुमची चूक नाही. पण त्याची तर अजिबातच नाही. त्यानं चिठ्ठी वाचली, विचारलं, सांगितलं तसं केलं, आणि स्क्रीनवर बरोबर आकडा बघून लेबलं लावली.”

“लेबल बघायला नको त्यानं?”

“बघायला पाहिजे. आपण त्याला स्कॅनरनं पार्ट नंबर आणि नग बघायला सांगितलंय. डॉक बघ असं कुणी सांगितलेलं नाही. सांगू या उद्यापासून.”

त्यांनी गुंडाळलेलं लेबल टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, “दुरुस्ती काय?”

“स्क्रिप्टमध्ये एक शब्द. एक्सपोर्ट. म्हणजे कुठल्याही खिडकीतून, कुणाच्याही नावानं चालवली तरी पुढे जाईल. आणि दुसऱ्या प्रोग्रॅममधली ती डी-दोनची ओळ काढायची. नंबर मिळाला नाही तर थांब, लेबल काढू नकोस, अंदाज करू नकोस.”

“करा. आणि ती चिठ्ठी फाडा.”

“आणि सहीचा कागद?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग ठेकेदाराला म्हणाले, “उद्यापासून पाठवा त्याला.”

ठेकेदार जाताना मला हळूच म्हणाला, “ईडीपीवाले, तुमी लई डेंजर मानूस. साहेबाच्या तोंडावर?” मी घाम पुसला. त्याला वाटलं असेल तेवढा मी धीट नव्हतो. संध्याकाळी बसमध्ये बसल्यावरही मी तेच वाक्य मनात पुन्हा पुन्हा म्हणून बघत होतो, की याहून मऊ म्हणता आलं असतं का.

गुरुवारी तो कामावर आला. मला नमस्कार केला, खुर्चीवर बसला आणि खिडकी उघडली. पहिलं लेबल काढून त्यानं कोपरा नखानं दाबून वाचला. मग वळून विचारलं, “साहेब, आता ही बंद केलो तर चालते?”

“रोज बंद करत जा,” मी म्हणालो. “रोज. मुद्दाम.”

पैशाचं म्हणाल तर ग्राहकानं आपली रक्कम ऑक्टोबरच्या बिलातून कापूनच घेतली, त्यांच्याशी वाद घालून उपयोग नसतो. सॉफ्टवेअर कंपनीनं वर्षाच्या मेंटेनन्समध्ये साठ हजारांची सूट दिली, बाकीचे एक लाख सव्वीस हजार चारशे आमच्या कंपनीच्या खात्याला गेले. कायम करायच्या आठांच्या यादीत त्याचं नाव राहिलं.

पण महिन्याच्या शेवटी हजेरी तपासताना शनिवार, सोमवार, मंगळवार, बुधवार या चार रकान्यांत त्याच्यापुढे गैरहजर लिहिलेलं दिसलं. मी ठेकेदाराला फोन केला. “काम न्हाई तर दाम न्हाई,” तो म्हणाला, “सगळ्यांना ह्योच नियम हाये.”

“तो आला होता. गेटवर तुमच्याच सुपरवायझरनं परत पाठवला. गैरहजर कसा?”

“मंग कंपनीनं द्यावं.”

प्लँट हेडकडे गेलो. त्यांनी आकडा विचारला. मी सांगितला, दिवसाचे सातशे बारा, चार दिवसांचे दोन हजार आठशे अठ्ठेचाळीस. “एवढ्यासाठी आलात?” ते म्हणाले, पण ठेकेदाराच्या बिलात ते दिवस धरायला सही केली.

नोव्हेंबरच्या सात तारखेला ऑपरेटरच्या खात्यात ते चार दिवस जमा झाले. पीएफचे तीनशे बेचाळीस आणि ईएसआयचे बावीस वजा जाता, दोन हजार चारशे चौऱ्याऐंशी रुपये.